सीमा दोघांची, रेषा एक

निवडणूक असो, पाऊस असो की कांद्याचे भाव, महाराष्ट्राचे ३६ जिल्हे वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा नकाशा संकेतस्थळांवर हमखास येतो. यातले काही नकाशे जरा मोठे करून पाहिले की सह्याद्रीच्या माथ्यालगत किंवा वर्धा नदीच्या काठाने बारीक पांढऱ्या चिरा दिसू लागतात. कुठे दोन जिल्ह्यांचे अर्धपारदर्शक रंग एकमेकांवर चढून गडद पट्टी उमटलेली असते. मूळ माहितीत अशी फट बहुतेकदा नसते. नकाशा हलका करण्यासाठी सीमारेषांवरचे बिंदू कमी केले जातात आणि त्या कामात ती तयार होते.

बिंदू कमी करणं टाळताही येत नाही. गावांच्या सीमा जोडून बनवलेल्या जिल्हासीमेवर नदीचं प्रत्येक वळण, ओढ्याचा प्रत्येक फाटा असतो. समजा सगळे मिळून तीन लाख बिंदू आहेत. जिओजेसन या मजकूर स्वरूपात एका बिंदूचे अक्षांश-रेखांश पंधरा-पंधरा दशांश स्थळांपर्यंत लिहिले तर सुमारे ४० अक्षरं लागतात, म्हणजे फाइल १२ मेगाबाइटची. ही फाइल मोबाइलवर उतरवून घेणाऱ्याला त्यातलं काय दिसतं? वेबवरच्या नेहमीच्या मर्केटर नकाशात सातव्या झूमला, म्हणजे संपूर्ण राज्य एका पडद्यावर जेमतेम मावतं तेव्हा, आपल्या अक्षांशांवर एक पिक्सेल साधारण १,१५० मीटरचा असतो. त्यापेक्षा बारीक वळण पडद्यावर उमटूच शकत नाही. पाचव्या दशांश स्थळानंतरचे आकडे तर मीटरहून लहान अंतर सांगतात. जिल्ह्याच्या नकाशात त्यांना काही अर्थ नाही.

तेव्हा बिंदू कमी करायचे, हे ठरलेलं. प्रश्न आहे तो कुणाचे बिंदू कमी करायचे याचा. जिल्ह्याचे की सीमेचे? या विषयाचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा इतिहास याच एका प्रश्नाभोवती फिरतो. उत्तर फार पूर्वी सापडलं, मधल्या काळात बाजूला पडलं आणि अलीकडे पुन्हा वापरात आलं.

सर्वांत प्रसिद्ध रीत डग्लस आणि पॉयकर यांची, १९७३ सालची. उर्स रेमर यांनी तशीच रीत १९७२मध्ये मांडली होती. रेषेची दोन टोकं सरळ जोडायची. या जोडरेषेपासून सर्वांत लांब असलेला बिंदू शोधायचा. त्याचं अंतर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर तो ठेवायचा, तिथे रेषेचे दोन भाग करायचे आणि दोन्ही भागांवर हेच पुन्हा करायचं. अंतर मर्यादेत असेल तर मधले सगळे बिंदू गाळायचे. रीत साधी आणि वेगवान आहे, पण ती रेषेसाठी आहे आणि रेषेला टोकं असतात. जिल्ह्याची सीमा म्हणजे बंद कडं. त्याला टोक नाही, म्हणून संगणक फाइलमध्ये जो बिंदू पहिला लिहिलेला असेल तोच टोक समजतो. पुण्याचं कडं जुन्नरकडून सुरू झालेलं असेल आणि साताऱ्याचं कऱ्हाडकडून. दोघांच्या मध्ये वाहणाऱ्या नीरेच्या काठची सीमा दोन्ही कड्यांत बिंदू न् बिंदू सारखी असली, तरी दोन्हीकडे ती वेगळ्या लांब रेषेचा भाग म्हणून तपासली जाते. सर्वांत लांबचा बिंदू दोन्हीकडे वेगळा निघतो, पुढचे तुकडे वेगळे पडतात आणि पुण्याची नीरा साताऱ्याच्या नीरेशी जुळत नाही.

याहून हट्टी बिघाड तिठ्यांवर होतो. तीन जिल्हे जिथे भेटतात त्या बिंदूला इथे तिठा म्हणू. पुणे, रायगड आणि सातारा यांचा तिठा सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. रायगडच्या बाजूने पाहिलं तर त्याची पूर्व सीमा माथ्याच्या धारेने खाली जाते आणि वाटेत तिठा लागतो, पण रायगडला तिथे वळायचं कारण नसतं. पुणे आणि सातारा मात्र याच बिंदूवर कोपरा करून पूर्वेला वळतात. आता समजुतीपुरते आकडे घेऊ. धारेवर दहा किलोमीटर अंतरावरचे दोन बिंदू, वरचा प आणि खालचा फ. तिठा त्यांच्या बरोबर मध्ये, पण प-फ या सरळ रेषेच्या ३०० मीटर पूर्वेला. मर्यादा ५०० मीटरची ठेवली तर रायगडच्या कड्यातून तिठा गळतो, कारण ३०० हे ५००पेक्षा कमी. पुण्यात आणि साताऱ्यात तो ठळक कोपरा असल्यामुळे टिकतो. परिणामी रायगडची सीमा प ते फ सरळ धावते, शेजारी अजून तिठ्यापर्यंतच पोचलेले असतात आणि मध्ये दहा किलोमीटर लांबीचा त्रिकोण कुणाचाच राहत नाही. त्याचं क्षेत्रफळ दीड चौरस किलोमीटर. सातव्या झूमला ही फट पाव पिक्सेलची आहे, म्हणून तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते. दहाव्या झूमला पिक्सेल १४५ मीटरचा होतो आणि तीच फट दोन पिक्सेल रुंद होऊन समोर येते. तिठा पश्चिमेला सरकलेला असता तर फटीऐवजी चढ मिळाला असता, म्हणजे तेवढी जमीन दोन-दोन जिल्ह्यांत मोजली गेली असती.

इथे कुठलीही मर्यादा निवडली तरी सुटका नाही. मर्यादा लहान केली की फट लहान होते, इतकंच. शेताचा बांध दोन्ही शेतकऱ्यांनी आपापल्या सोयीने वेगवेगळा आखला तर जे होईल तेच इथे होतं. बांध एकदाच आखला पाहिजे.

हे नकाशाशास्त्राला उशिरा कळलं असं नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९७०च्या जनगणनेसाठी शहरांचे नकाशे संगणकात भरले, तेव्हा ‘डाइम’ नावाच्या पद्धतीत नोंदीचं एकक रस्त्याचा तुकडा हे होतं. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची दोन टोकं, डावीकडचा गट आणि उजवीकडचा गट लिहिलेला असे. म्हणजे सीमा एकदाच आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोण आहे ते तिच्यासोबत. हार्वर्डच्या संगणक-आरेखन प्रयोगशाळेत सत्तरच्या दशकात हीच कल्पना पुढे नेली गेली. तिथल्या कामात निकोलस क्रिसमन यांच्या बरोबरीने पॉयकरही होते, ज्यांचं नाव वरच्या रीतीला आहे. १९८२मध्ये आलेल्या एस्री कंपनीच्या आर्क-इन्फो या प्रणालीत तर सीमेच्या अशा तुकड्यासाठीचा ‘आर्क’ हा शब्दच नावात होता.

मग नव्वदच्या दशकात त्याच कंपनीचं शेपफाइल हे स्वरूप आलं आणि जगभर रूढ झालं. ते सुटसुटीत होतं, पटकन उघडायचं, पण त्यात प्रत्येक बहुभुज स्वतःपुरता. शेजारी कोण, सीमा कुणाशी सामायिक, याची नोंदच नाही. दोन जिल्ह्यांमधली रेषा दोनदा लिहिलेली, एकदा या दिशेने आणि एकदा त्या. वेबसाठीचं जिओजेसन याच वळणावर गेलं. माझ्या मते आजच्या बहुतेक फटींचं मूळ या विसरण्यात आहे. सरलीकरणाच्या रीतींना उगाच दोष दिला जातो.

आठवण परत आणण्याचं काम दोन मुक्त साधनांनी केलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅथ्यू ब्लॉक आणि मार्क हॅरोवर यांनी २००६च्या सुमारास मॅपशेपर बनवलं. त्यानंतर काही वर्षांनी माइक बोस्टॉक यांनी टोपोजेसन हे स्वरूप आणलं. दोन्हींचा पाया तोच: आधी कडी मोडून सामायिक तुकडे काढा, तुकड्यांवर काम करा, मग कडी पुन्हा जुळवा.

सातारा जिल्ह्यावर हे करून पाहू, कारण तो सगळीकडून महाराष्ट्रातल्याच जिल्ह्यांनी वेढलेला आहे. उत्तरेला पुणे, पूर्वेला सोलापूर, दक्षिणेला सांगली, पश्चिमेला रत्नागिरी आणि वायव्येला रायगड. म्हणजे साताऱ्याचं कडं पाच तिठ्यांवर मोडतं आणि पाच तुकडे मिळतात. टोपोजेसनमध्ये साताऱ्याची नोंद मग अशी दिसेल:

```json
{"type": "Polygon", "arcs": [[0, 1, 2, -4, -5]]}
```

यात एकही अक्षांश-रेखांश नाही, फक्त तुकड्यांचे क्रमांक आहेत. खरे बिंदू फाइलमध्ये दुसरीकडे, प्रत्येक तुकड्याचे एकदाच लिहिलेले असतात. ऋण क्रमांक म्हणजे तो तुकडा उलट दिशेने वाचायचा. शून्याला ऋण रूप नसल्यामुळे मोजणी एकाने सरकवलेली आहे: -4 म्हणजे ३ क्रमांकाचा तुकडा उलटा, -5 म्हणजे ४ क्रमांकाचा. शून्य क्रमांकाचा तुकडा सातारा-पुणे सीमेचा धरला, तर पुण्याच्या नोंदीत तोच -1 म्हणून येईल. आता शून्य क्रमांकाच्या तुकड्यातले बिंदू कसेही कमी करा, पुणे आणि सातारा यांच्यात फट पडणं शक्यच नाही, कारण दोघांकडे स्वतःची अशी रेषाच उरलेली नाही.

तिठे अर्थात हलवायचे नाहीत आणि गाळायचेही नाहीत. त्यांची संख्या किती, याचा अंदाज ऑयलरच्या जुन्या सूत्राने लगेच येतो. ३६ जिल्हे आणि बाहेरचा सगळा प्रदेश मिळून ३७ पृष्ठं. प्रत्येक भेट तिघांचीच आणि प्रत्येक जिल्हा अखंड मानला, तर ७० तिठे आणि १०५ तुकडे निघतात. यात समुद्र किंवा परराज्य हा ‘बाहेरचा’ तिसरा शेजारी धरलेला आहे. बेटांची कडी वेगळी मिळवावी लागतात. तुकड्यांचा आकडा १०५च्या आसपास न येता हजारांत आला, तर सरलीकरण थांबवून मूळ माहितीकडे वळावं. तिथे सीमा जुळत नाहीयेत, एवढाच त्याचा अर्थ.

आणि खरी मेहनत तिथेच असते. सामायिक तुकडा ओळखण्यासाठी साधन दोन्ही कड्यांतले बिंदू तंतोतंत जुळतात का ते पाहतं. एकाने बिंदू बारा दशांशांपर्यंत लिहिला आणि दुसऱ्याने आठ, तर डोळ्याला एक दिसणारी रेषा संगणकाला दोन दिसते. किंवा एका बाजूच्या सरळ रेषाखंडावर दुसऱ्या बाजूने एक जादा बिंदू दिलेला असतो. यातल्या पहिल्या फरकावर मॅपशेपरचा `snap` हा पर्याय पुरतो, दुसऱ्यासाठी `-clean` लागतं. तो अगदी जवळचे बिंदू एकत्र आणतो. किती जवळचे हे `snap-interval` ने वाढवता येतं, पण इथे हात आखडता ठेवावा. पाच-दहा मीटर ठीक. पाचशे मीटरवर नेलं की खाडीचे दोन काठ एकमेकांना चिकटतात.

`snap` ला न पेलणारं प्रकरण म्हणजे पालघर. २०११च्या जनगणनेच्या नकाशात महाराष्ट्राचे जिल्हे ३५ आहेत. ठाण्यातून पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. ज्याच्याकडे जुना नकाशा आहे त्याला मोह होतो की पालघरचा बहुभुज दुसरीकडून आणावा आणि जुन्या ठाण्यावर ठेवावा. तो दुसरा नकाशा वेगळ्या प्रमाणावर, वेगळ्या माणसाने, कदाचित वेगळ्या उपग्रहचित्रावरून काढलेला असतो. त्याची सीमा नाशिकच्या सीमेशी कधी दोनशे मीटरनी चुकते, कधी दोन किलोमीटरनी. पुढची कितीही सफाई केली तरी तो अंदाजच राहतो, कारण दोन रेषांपैकी खरी कोणती हे संगणकाला कुठून कळणार?

त्यापेक्षा खालच्या पायरीवर उतरावं. २०११च्याच तालुक्यांचा नकाशा घ्यावा. त्यात जुन्या ठाण्याचे १५ तालुके आहेत. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांपुढे नव्या जिल्ह्याचं नाव लिहावं, उरलेल्या सात तालुक्यांपुढे ठाणे, आणि मग त्या नावाप्रमाणे तालुके एकत्र करावेत. सगळ्या रेषा एकाच स्रोतातून आलेल्या असल्यामुळे ३६ जिल्हे न भांडता उभे राहतात. जाता जाता आणखी एक: नकाशाला आकडेवारीची जोडणी नावावर करू नये, संकेतांकावर करावी. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर या तिघांची नावं गेल्या काही वर्षांत बदलली आहेत आणि जुन्या तक्त्याशी नावावर जोडलेला नकाशा तीन जिल्हे कोरे दाखवतो.

हे सगळं एका आज्ञेत बसतं:

```
mapshaper talukas.shp snap -clean -dissolve dist_new \
  -simplify interval=500 keep-shapes \
  -o maha.json format=topojson
```

`dist_new` हा वर भरलेला नवा रकाना. `-clean` चढ काढतं आणि बारीक फटी भरतं. क्रम महत्त्वाचा आहे. सफाई आणि एकत्रीकरण आधी, सरलीकरण नंतर. उलट केलं तर आधी वाकड्या झालेल्या रेषा जुळवत बसावं लागतं.

मॅपशेपर ठरीव रीत म्हणून डग्लस-पॉयकर वापरत नाही. तिथे विश्वलिंगम-व्हाइट रीतीचं एक सुधारित रूप आहे. ब्रिटनमधल्या हल विद्यापीठातल्या महेश्वरी विश्वलिंगम आणि जेम्स व्हाइट यांनी १९९३मध्ये मांडलेली ही रीत अंतराऐवजी क्षेत्रफळ पाहते. प्रत्येक बिंदू आणि त्याचे दोन शेजारी मिळून एक त्रिकोण होतो. ज्याचा त्रिकोण सर्वांत लहान तो बिंदू आधी गाळायचा, शेजाऱ्यांचे त्रिकोण नव्याने मोजायचे, पुढे जायचं. यात गाळण्याचा निर्णय जवळपासच्या बिंदूंवरच ठरतो, त्यामुळे जिल्हे सुटे सुटे सरळ केले तरी डग्लस-पॉयकरपेक्षा फटी कमी पडतात. काहींनी याचा अर्थ ‘फटी पडतच नाहीत’ असा काढलेला पाहिला आहे. ते खरं नाही. तिठ्याजवळ बिंदूचे शेजारी दोन कड्यांत वेगळे असतात आणि तिथे सुरू झालेला फरक गाळणीच्या क्रमातून दूरवर पसरतो. तुकडे पाडण्याला पर्याय नाही. रीत निवडायची ती दिसण्यासाठी. डग्लस-पॉयकर टोकदार सुळके जपतो, त्याने कोकणचा किनारा करवतीसारखा दिसतो. विश्वलिंगम-व्हाइटने खाड्या गोलसर होतात आणि लहान नकाशात त्या जास्त ओळखू येतात.

प्रमाण टक्क्यांत द्यावं की मीटरमध्ये? पुष्कळजण `10%` लिहून मोकळे होतात. पण दहा टक्के कशाचे, हे मूळ नकाशाच्या घनतेवर अवलंबून असतं. आज घेतलेल्या नकाशात आणि पुढच्या वर्षी नव्या स्रोतातून घेतलेल्या नकाशात तेच दहा टक्के वेगळं काही देतील. सातव्या झूमचा पिक्सेल १,१५० मीटरचा, त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे ५०० मीटर ही मर्यादा तर्काने येते आणि पुढच्या वेळीही तशीच राहते. नकाशा नवव्या-दहाव्या झूमपर्यंत मोठा होऊ द्यायचा असेल तर ७५ ते १५० मीटरची दुसरी प्रत करावी.

मर्यादा फार ताणली तर पहिला बळी मुंबई शहर जिल्ह्याचा जातो. त्याची जमिनीवरची सीमा एकच, उपनगर जिल्ह्याशी. उरलेलं सगळं कडं समुद्राचं. म्हणजे त्याच्याकडे तिठे दोनच आणि दोन तुकडे, एक माहीम-शीवच्या बाजूचा आणि दुसरा कुलाब्याला वळसा घालून येणारा. तिठे टिकतात, पण दोन्ही तुकड्यांतले मधले सगळे बिंदू गळले तर ते एकाच सरळ रेषेवर येतात आणि जिल्ह्याचं क्षेत्रफळ शून्य होतं. फाइलमध्ये नोंद राहते, त्रुटीचा संदेश येत नाही, नकाशात मात्र मुंबई शहर नाही. देशाच्या नकाशात हीच गत पुदुच्चेरीच्या जेमतेम ९ चौरस किलोमीटरच्या माहे जिल्ह्याची होते. `keep-shapes` हा पर्याय त्यासाठीच आहे. तो प्रत्येक बहुभुजाला किमान एक दिसणारं कडं ठेवतो. निरुपयोगी बेटांसाठी मात्र तो लागू होत नाही, ती गळतात, आणि बहुधा ते बरंच असतं.

ज्यांची माहिती पोस्टजीआयएसमध्ये आहे त्यांची अनेक वर्षं एका फंक्शनने फसवणूक केली. `ST_SimplifyPreserveTopology` हे नाव वाचून कुणालाही वाटेल की शेजारसंबंध जपले जातील. प्रत्यक्षात ते एकेका बहुभुजाची आतली वैधता जपतं, कडं स्वतःला छेदत नाही एवढंच बघतं. शेजारी कोण आहे ते त्याला दिसतच नाही. २०२३च्या ३.४ आवृत्तीपासून मात्र हवं ते मिळालं आहे:

```sql
SELECT dist_code,
       ST_CoverageSimplify(geom, 500) OVER () AS geom
FROM districts;
```

`OVER ()` हा भाग महत्त्वाचा. त्याने सगळ्या ओळी एकत्र पाहिल्या जातात. मर्यादेचं एकक भूमितीच्या एककासारखंच असतं आणि इथे घात होतो. माहिती अक्षांश-रेखांशांत असेल तर ५०० म्हणजे ५०० अंश, मग महाराष्ट्र हातात मूठभर त्रिकोण देऊन जातो. आधी मीटर वापरणाऱ्या प्रक्षेपात न्यावं. महाराष्ट्र ७८ अंश रेखांशाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असल्यामुळे यूटीएमच्या ४३ आणि ४४ अशा दोन पट्ट्यांत येतो. म्हणून एक पट्टा ताणण्यापेक्षा लँबर्टचा शंकू प्रक्षेप बरा.

हे फंक्शन मूळ माहिती दुरुस्त करत नाही. जिथे शेजाऱ्यांच्या कडा जुळत नाहीत तिथे ते दोन्ही कडा मोकळ्या समजून वेगवेगळ्या सरळ करतं, आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर. म्हणून आधी `ST_CoverageInvalidEdges` चालवावं. ते चढ आणि न जुळणाऱ्या कडा रेषारूपाने काढून देतं. फटींबाबत त्याचं वागणं समजून घ्यायला हवं. फट ही त्याच्या लेखी आपोआप चूक नसते, कारण दोन जिल्ह्यांमध्ये मोकळी जागा असणं तत्त्वतः शक्य आहे. किती रुंदीपर्यंतची फट संशयास्पद मानायची ते आपण दुसऱ्या मूल्यात सांगितलं तरच ते दाखवतं. मूल्य न देता चालवून ‘सगळं स्वच्छ’ असं म्हणणाऱ्यांनी इथे थांबून पाहावं.

साधन कोणतंही असो, शेवटी दोन बेरजा करून पाहाव्यात. ३६ जिल्ह्यांची क्षेत्रफळं सुटी मोजून केलेली बेरीज आणि सगळे जिल्हे एकत्र करून मिळालेल्या आकाराचं क्षेत्रफळ. पहिला आकडा मोठा असेल तर फरकाइतका चढ आहे. मग एकत्र केलेल्या आकारात आतली भोकं किती ते मोजावं. सरलीकरणाआधी जितकी होती त्यापेक्षा जास्त निघाली तर प्रत्येक जादा भोक ही फट. वरच्या तिठ्याच्या उदाहरणातला दीड चौरस किलोमीटरचा त्रिकोण डोळ्याला दिसला नसता, या मोजणीत तो लगेच सापडतो.

सगळं जुळलेलं असूनही ब्राउझरमध्ये चिरा दिसतात तेव्हा माणूस हैराण होतो. याची दोन कारणं असतात आणि दोन्ही माहितीच्या बाहेर आहेत. लीफलेट ही वेब-नकाशाची लायब्ररी दर झूमला बहुभुज पुन्हा सरळ करते, अर्थातच सुटे सुटे. तिथला `smoothFactor` हा पर्याय मुळात १ असतो, तो ०वर आणावा. मॅपलिब्रे जिओजेसनचे तुकडे पाडताना डग्लस-पॉयकर लावते. तिच्या स्रोतातलं `tolerance` मूल्य मुळात ०.३७५ असतं, तेही ०. आपण आधीच बिंदू कमी केलेले असल्यामुळे वेगात फरक जाणवत नाही. टिपेकॅनूने टाइल्स करणाऱ्यांसाठी `--no-simplification-of-shared-nodes` आहे.

दुसरं कारण रंगवण्यातलं. सीमा एखाद्या पिक्सेलच्या मधून जाते. पहिला जिल्हा त्या पिक्सेलचा अर्धा भाग झाकतो म्हणून संगणक तिथे निम्मा रंग देतो. दुसरा जिल्हाही निम्मा रंग देतो, पण तो उरलेल्या निम्म्याचा निम्मा पडतो. एकूण ७५ टक्के रंग, आणि मागची पार्श्वभूमी २५ टक्के झिरपते. फट नसताना फिकट रेघ उमटते ती अशी. ओळखायची खूण सोपी आहे: झूम करत गेल्यावर खरी फट रुंदावते, ही रेघ मात्र कायम एका पिक्सेलची राहते. प्रत्येक जिल्ह्याला त्याच्याच रंगाची अर्ध्या पिक्सेलची कडा दिली की ती झाकली जाते. त्यावर जिल्हासीमा दाखवायच्या असतील तर त्या बहुभुजांच्या कडांनी दाखवू नयेत, कारण मग प्रत्येक सीमा दोनदा काढली जाते आणि किनारा एकदाच, म्हणून आतल्या रेघा जाड आणि किनारा बारीक दिसतो. मॅपशेपरच्या `-innerlines` ने सामायिक तुकड्यांचा वेगळा थर मिळतो, तो वर ठेवावा.

सरळ केलेल्या सीमेकडून काय मागू नये, हेही या आढाव्यात यायला हवं. लांबी मागू नये. भारताच्या किनाऱ्याची लांबी वर्षानुवर्षं ७,५१६ किलोमीटर सांगितली जायची. अलीकडे ती ११,०९८ किलोमीटर झाली. जुना आकडा १:४५,००,००० प्रमाणाच्या माहितीवरून मोजलेला होता, नवा १:२,५०,००० वरून, आणि बारीक खाड्या-वळणं मोजणीत आली की लांबी वाढतेच. आपण बिंदू गाळतो तेव्हा हाच प्रवास उलट होतो. क्षेत्रफळ त्या मानाने कमी बदलतं, तरी ते मूळ आकारावरून काढून रकान्यात लिहून ठेवावं.

देशाची बाह्य सीमा हा कायद्याचाही विषय आहे. ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळावी अशी अपेक्षा असते आणि १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात त्याबाबत शिक्षेची तरतूद आहे. देशभराचा नकाशा करणाऱ्याने म्हणून बाहेरचे तुकडे सर्वेक्षण विभागाच्या सीमेवरूनच घ्यावेत आणि ते जास्त बारकाईने ठेवावेत. `ST_CoverageSimplify` ला तिसरं मूल्य `false` दिलं की बाहेरच्या कडा ते हलवत नाही, फक्त आतल्या सरळ करतं.

आणि ठिकाण कोणत्या जिल्ह्यात येतं हे सरळ केलेल्या नकाशाला विचारू नये. नीरेच्या काठावरचं एखादं गाव ५०० मीटरच्या मर्यादेत सहज नदीपार होतं. शाळा, दवाखाने, पर्जन्यमापक यांचे बिंदू जिल्ह्यांशी जोडायचे ते मूळ, न गाळलेल्या सीमांवर, आणि मिळालेला संकेतांक बिंदूच्या नोंदीत कायमचा लिहून ठेवायचा. मग रंगवण्यासाठी हलका नकाशा वापरला तरी बिंदू सीमेच्या पलीकडे दिसेल, पण मोजला जाईल आपल्याच जिल्ह्यात.